एकटीचा धंदा, हातातला फोन आणि दिवसाचं टाइमटेबल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी जुळे सोलापूरला घरातूनच शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. कुटणारी मी, पॅक करणारी मी, मेसेजला उत्तर देणारी पण मीच. ओळखीतल्या बायका, टॉवेल-नॅपकिनवाल्या, ब्लाऊज शिवणाऱ्या, दोन-तीन चादरवाले दादा पण, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलंय. हे ज्यांच्याकडे हाताखाली माणूस नाही त्यांच्यासाठीच आहे, चार माणसं कामाला असतील तर तुमचं गणित वेगळं.

थकवा तर सगळ्यांनाच येतो, मग बर्नआऊट वेगळं काय असतं?

थकवा झोपल्यावर जातो, हे जात नाही, साधा फरक हा. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत याची नोंद केलीय, पण आजार म्हणून नाही, कामाच्या न आटोपलेल्या ताणातून होणारी गोष्ट म्हणून, आणि त्याची तीन लक्षणं दिलीत. अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं.

आपल्या धंद्यात ते कसं दिसतं सांगते. पहिलं लक्षण ओळखू येतं. दुसरं येत नाही. नव्या ऑर्डरचा मेसेज वाजला आणि आनंद व्हायच्या ऐवजी "आता ही कोण" असं वाटलं, गिऱ्हाईकानं साधं "तिखट कमी मिळेल का" विचारलं तरी डोकं फिरलं, की समजायचं. तिसरं तर फोनमुळे दुप्पट होतं, कारण दिवसभरात २० पार्सल गेलेली असतात आणि रात्री कुणाचं तरी रील बघून वाटतं की आपण काहीच केलं नाही.

फोनच माझं दुकान आहे, मग स्क्रीन कमी करा म्हणजे दुकान बंद करू काय?

नाही ओ. तासांच्या मागे लागूच नका सुरुवातीला. एकट्या माणसाला फोनवर दोन-अडीच तास लागणारच, पत्ते घ्यायचे, पेमेंट बघायचं, कुरिअरचा नंबर पाठवायचा. बघायचं ते हे की दिवसात फोन कितीदा उघडला. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग उघडलं की आज किती वेळा अनलॉक केला ते दिसतं, आयफोनमध्ये स्क्रीन टाइममध्ये पिकअप म्हणून तोच आकडा असतो.

कारण कुटायचं काम असो नाहीतर शिवायचं, मध्येच उठून फोन घेतला की नुसती ती दोन मिनिटं जात नाहीत. हात धुवायचे, पुसायचे, फोन बघायचा, परत यायचं, आणि डोक्यात त्या मेसेजचं चालूच राहतं. शेंगदाणे मंद आचेवर भाजताना तर हे डोळ्यांनी दिसतं. सालं तडकायला लागली की कढई उतरवायची वेळ एक-दोन मिनिटांचीच असते आणि उतरवल्यावरही दाणे आतल्या गरमीनं भाजत राहतात. तेवढ्यात कुणाचं स्टेटस बघत बसलं की अख्खा घाणा कडू, लसूण कितीही घाला चव झाकत नाही.

माझा वेळ नेमका कुठे जातो ते शोधायचं कसं?

पूर्व भागातली एक ताई टॉवेल-नॅपकिन विकते, तिच्याबरोबर बसून केलेलं सांगते. तिचा रिपोर्ट बघितला तर दिवसाला ५ तास ५० मिनिटं आणि अनलॉक १४२. ती म्हणाली, "सगळं धंद्यासाठीच करायलेय की मी." तिचं खोटं नव्हतं, तिला खरंच तसं वाटत होतं.

मग तीन दिवस फोनशेजारी वही ठेवली आणि तीन रकाने पाडले: ऑर्डरसाठी उघडला, बघायला उघडला, आणि ऑर्डरसाठी उघडला पण बघत बसले. प्रत्येक वेळी नुसती एक काडी मारायची, बाकी काही लिहायचं नाही. तिसऱ्या दिवशी दिसलं की दुसरा रकाना जवळजवळ रिकामाच आहे आणि तिसरा भरलाय! म्हणजे ती टाइमपास करायला फोन घेतच नव्हती, जायची गिऱ्हाईकासाठी आणि अडकायची. दोन ठिकाणी अडकायची. एक, इन्स्टाग्रामवर कुणी मेसेज केला की तो वाचायला अ‍ॅप उघडायचं आणि समोर पहिलं रीलच. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देऊन झालं की बोट आपोआप स्टेटसवर.

हे कळल्यावर इलाज सोपा झाला. इन्स्टाग्रामच्या बायोत व्हॉट्सअ‍ॅपची लिंक टाकली (`wa.me/91` आणि त्याला जोडून आपला १० आकडी नंबर, मध्ये स्पेस नाही, अधिकचं चिन्ह नाही) आणि लिहिलं की ऑर्डर फक्त इथे. आठवडाभर जुन्या लोकांनी इन्स्टाग्रामवरच मेसेज केले, त्यांना ती लिंक पाठवत राहिली, मग हळूहळू सगळे वळले. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बाकीच्या टॉवेलवाल्यांची स्टेटस म्यूट केली. म्यूट केलेलं समोरच्याला कळत नाही, त्यामुळे "तिला काय वाटेल" हा प्रश्नच नाही, नंबर डिलीट करायची पण गरज नाही.

तुमचा रकाना वेगळा निघेल. कुणाचा यूट्यूबवर जातो, कुणाचा पेमेंट आलं का बघण्यात. आधी काड्या मारा मग सेटिंगला हात लावा.

गिऱ्हाईकाला लगेच रिप्लाय लागतो, नाही दिला तर दुसरीकडे जातं. मग?

ही भीती सगळ्यांना आहे आणि थोडी खरी पण आहे, म्हणून याचं उत्तर मोठं देते.

गिऱ्हाईकाला लगेच उत्तर नको असतं, उत्तर कधी मिळेल ते लगेच कळायला हवं असतं. दोन्हीत फार फरक आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत नसाल तर आधी ते घ्या, फुकट आहे, साध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या शेजारी वेगळ्या नंबरवर त्याच फोनमध्ये चालतं. त्यात बिझनेस टूल्समध्ये अवे मेसेज आहे, त्याला टाइम लावता येतो. माझा मेसेज असा आहे:

"नमस्कार! आत्ता चटणी कुटायचं काम चालू आहे. उत्तर सकाळी १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता मिळेल. दर आणि वजन कॅटलॉगमध्ये आहे. ऑर्डर असेल तर नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड आणि किती पाकिटं ते लिहून ठेवा."

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर १० वाजता तुम्ही उघडता आणि समोर नुसते १५ "हाय" असतात, मग प्रत्येकाला पत्ता मागा, ते उत्तर देईपर्यंत वाट बघा, आणि वेळ संपला तरी तुम्ही फोनवरच. ती ओळ असली की निम्मे लोक सगळं लिहून ठेवतात आणि तुम्ही फक्त पेमेंटचं बोलता.

दोन अडचणी माहिती असू द्या. फोनचं नेट बंद असेल तर अवे मेसेज जात नाही, त्यामुळे "नेट बंद करून ठेवते म्हणजे शांतता" असं केलं तर गिऱ्हाईकाला काहीच कळत नाही. नेट चालू, फोन सायलेंट आणि दुसऱ्या खोलीत, असं करा. दुसरं म्हणजे त्यातच ग्रीटिंग मेसेज असतो, तो पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला किंवा १४ दिवस बोलणं नसलेल्याला जातो. दोन्ही चालू ठेवले आणि दोन्हीत तेच लिहिलं तर नव्या माणसाला डबल मेसेज जाऊन वैताग येतो. ग्रीटिंगमध्ये फक्त "आपण काय विकतो", अवेमध्ये फक्त "कधी बोलू".

आणि क्विक रिप्लाय भरून ठेवा. मी `/rate` टाइप केलं की दराचा सगळा मेसेज येतो, `/addr` केलं की पत्त्याचा नमुना, `/track` केलं की पार्सल कधी पोचेल त्याचं उत्तर. रोज तेच तेच टाइप करून जो शीण येतो तो यानं बराच जातो.

राहिलं दुसरीकडे जाणारं गिऱ्हाईक. वहीत महिनाभर लिहा, उशिरा उत्तर दिल्यामुळे कोण गेलं. माझ्याकडे जे गेले ते जास्तकरून दर विचारून जाणारेच होते, ते पाच मिनिटांत उत्तर दिलं तरी जातात. पण कुणाचा धंदा असा असेल की आजच्या आज माल लागतो, केक, डबा, हार-फुलं, तर तीन वेळांवर भागणार नाही, त्यांनी फोन कॉल चालू ठेवावा आणि मेसेजसाठी वेळा ठेवाव्यात. ज्याला खरंच घाई आहे तो कॉल करतोच.

अ‍ॅप टायमर लावला होता, पण आपणच लावलेला आपणच काढतो. काय उपयोग?

एकट्यानं लावला तर नाहीच फारसा. अँड्रॉइडचा टायमर संपला की अ‍ॅप करडं होतं, पण सेटिंगमध्ये जाऊन परत वाढवता येतं, रात्री १२ ला तर तो नव्यानं चालू होतो म्हणजे जागं राहणाऱ्याला बक्षीसच. आयफोनमध्ये स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड लावता येतो. तो मुलीला किंवा नवऱ्याला टाकायला सांगा आणि आपण विचारू नका. अँड्रॉइडवाल्यांनी टायमरपेक्षा फोकस मोड वापरावा, त्यात निवडलेली अ‍ॅप कधी झोपवायची ते वार आणि वेळेनुसार ठरवता येतं. मी रात्री ९ ते सकाळी १० यूट्यूब, फेसबुक झोपवते, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू.

पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त उपयोग झाला तो इन्स्टाग्राम फोनमधून काढूनच टाकल्याचा. पोस्ट टाकायला मेटा बिझनेस सूट आहे, त्यातून आठवड्याच्या पोस्ट एकदम शेड्यूल करता येतात, रील पण, आणि तिथे दुसऱ्यांचं काही समोर येत नाही. रविवारी दुपारी तासभर बसते, चार पोस्ट लावते, संपलं.

बाकीच्यांच्या रीलमध्ये रोज ८० ऑर्डर दिसतात, माझ्या १५ होतात. मी कुठे कमी पडते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रात्री ११ नंतर येतो! सल्ला नको, पेन घ्या, गणित करू.

समजा ८० ऑर्डर, प्रत्येक पाव किलोची. म्हणजे २० किलो चटणी. उखळात हातानं कुटायला एका बाईला किलोला अर्धा तास धरा, दाणे तेल सोडेपर्यंत कुटायचं असेल तर त्याहून लवकर होत नाही. झाले १० तास. भाजायचं, एका घाण्यात दोन किलो, २० ते २५ मिनिटं, असे १० घाणे म्हणजे जवळजवळ चार तास. सालं काढणं, लसूण सोलणं मी धरतच नाही. मग पॅकिंग: वजन करा, भरा, सील करा, लेबल लावा, खोक्यात घाला, पत्ता चिकटवा, एका पार्सलला पाच मिनिटं. ८० पंचे ४००, म्हणजे पावणेसात तास. एकूण २० तासांच्या वर गेलं आणि अजून एकाही मेसेजला उत्तर दिलेलं नाही.

म्हणजे त्या रीलच्या मागे काय असेल? एकतर कांडप मशीन आहे. किंवा चार बाया कामाला आहेत, ज्या व्हिडिओत दिसत नाहीत. किंवा चार-पाच दिवसांच्या ऑर्डर साठवून एकदम ढीग लावून शूट केलंय. ह्यात कशात वाईट काही नाही, तिनं तिचा धंदा तसा उभा केलाय. पण तुम्ही तुमच्या दोन हातांची तुलना सहा हात आणि एका मोटारीशी करताय, आणि वर म्हणताय मी आळशी आहे.

आता तुमचं गणित करा. दिवसात कुटायला किती तास मिळतात? तीन? मग सहा किलो. म्हणजे पाव किलोची २४ पाकिटं, ही तुमची छत. १५ ऑर्डर म्हणजे तुम्ही छताच्या निम्म्याच्या वर आहात, आणि २२ झाल्या तर तुम्ही फुल्ल आहात, त्याच्यावर घ्यायच्या असतील तर झोप कापून नाही, मशीन किंवा माणूस लावून घ्यायच्या. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

"महिन्याला लाखाचा सेल" वाल्या रीलचं पण तसंच. सेल म्हणजे गल्ल्यात आलेला पैसा, हातात उरलेला नाही. त्यातून दाणे, तिखट, लसूण, पाकिटं, कुरिअर, जाहिरात, आणि कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर परत आलेली पार्सलं जायची असतात. परत आलेल्या पार्सलचं रील कुणी काढत नाही. 😄

मग तुलना करायचीच नाही का? त्याशिवाय सुधारणार कसं?

करायची की, स्वतःच्या वहीशी. रोज चारच आकडे लिहा: किती किलो कुटलं, किती पार्सल गेली, खर्च जाऊन किती उरलं, आणि काम किती वाजता थांबलं. चौथा आकडा लोक विसरतात आणि बर्नआऊट पहिल्यांदा तिथेच दिसतं. पार्सल तेवढीच, पण थांबायची वेळ आठवड्यामागून आठवडा आठवरून साडेनऊवर सरकतेय, तर काहीतरी गळतंय, बहुतेक फोनच.

आणि मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी जुळवायचं. आपल्या धंद्यात हे फार लागतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद होतो, मग लसणाच्या चटणीच्या ऑर्डर पडतात. पडणारच! पण ज्याला हे लक्षात येत नाही तो नेमका त्याच वेळी फोन घेऊन बसतो, राख्या विकणाऱ्यांचे, गणपतीच्या सजावटवाल्यांचे ढीग बघतो, आणि वाटतं आपलाच धंदा बसला. तेव्हा बिनलसणाची चटणी काढायची किंवा भाकरीवर जोर द्यायचा, हा निर्णय वहीतून येतो, स्क्रोल करून येत नाही. दिवाळीच्या आधीचे १५ दिवस उलटं होतं, तेव्हाचा आकडा बघून हुरळून वर्षभराचं टार्गेट लावू नका.

बाजारात काय चाललंय ते तरी बघायला नको का?

बघा, आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आणि बसायच्या आधी कागदावर प्रश्न लिहून. "बाकीचे पाव किलोला काय दर लावतायत", "कडक भाकरी तुटू नये म्हणून पॅकिंग कसं करतात", असा. उत्तर मिळालं की उठायचं. प्रश्न न लिहिता बसलात तर ते बाजार बघणं नाही, तो तिसरा रकाना आहे.

दिवसाचं टाइमटेबल कसं बसवायचं? नमुना द्या.

घड्याळापासून सुरू करू नका, खिळ्यापासून करा. म्हणजे दिवसात अशी एक वेळ शोधा जी तुमच्या हातात नाही. आमच्याकडे तो खिळा म्हणजे कुरिअरवाला, दुपारी ४ ला येतो आणि थांबत नाही. तिथून मागे यायचं. ४ ला पार्सल तयार हवीत तर पॅकिंग २:३० ला सुरू, म्हणून मेसेजची दुसरी वेळ २ ची, त्यात आलेली पेमेंट झालेली शेवटची ऑर्डर आज जाते, पुढची उद्या. पॅकिंगला गार झालेली चटणी लागते, म्हणून कुटणं १० च्या आत संपायला हवं, म्हणजे भाजणं ६ ला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा १० नंतर शेगडीजवळ उभं राहणं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे उन्हाळ्यात मी सगळंच अर्धा-पाऊण तास अलीकडे ओढते.

तर असं होतं: ६ ते १० भाजणं-कुटणं, फोन बाहेरच्या खोलीत. १० ते १०:४५ मेसेज. मग स्वयंपाक, घरचं, जेवण, आणि अर्धा तास आडवं पडणं, तेव्हा फोन नाही. २ ते २:३० मेसेज. २:३० ते ४ पॅकिंग. ४ नंतर चहा, बाजार, दाणे-मिरची आणायची असेल तर ती. ६ ते ६:४५ मेसेज, ट्रॅकिंग नंबर पाठवणं, वहीत चार आकडे. ७ ला दुकान बंद. फोन बंद नाही, दुकान बंद.

मेसेजला मिळून दोन तास होतात. ऑर्डर दहाच असतील तर दीड तास पण पुरतो. पहिल्या आठवड्यात २ ची वेळ हमखास लांबते आणि कुरिअरवाला दारात उभा असताना तुम्ही टेप फाडत असता. तसं झालं तर मेसेजची वेळ वाढवू नका, शेवटच्या ऑर्डरची वेळ १ वर आणा.

सकाळी उठल्या उठल्या फोन बघितला तर काय बिघडतं, पाचच मिनिटं?

रात्रीत आलेली एखादी तक्रार वाचली की सहा ते दहा तीच डोक्यात कुटली जाते. गजरासाठी साधं घड्याळ घ्या.

पाण्याचा दिवस, पाहुणे, लग्न, यात्रा. आमच्याकडे टाइमटेबल टिकतच नाही.

टिकणार नाहीच सगळे दिवस. आपल्या गावात पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी सकाळ त्यातच जाते, भरा, धुवा, टाक्या बघा. म्हणून दोन टाइमटेबल ठेवा, साधा दिवस आणि पाण्याचा दिवस. पाण्याच्या दिवशी कुटायचं नाही, आदल्या दिवशीचा माल पॅक करायचा, आणि अवे मेसेजच्या वेळा तशाच ठेवायच्या कारण गिऱ्हाईकाला तुमच्या नळाशी देणंघेणं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गर्दीमुळे कुरिअर मागेपुढे होतं, घरी पाहुणे असतात, तेव्हा मी पार्सल दिवसाआड करते आणि तसं अवे मेसेजमध्ये आधीच लिहिते. मेसेज बदलायला दोन मिनिटं लागतात, न बदलता रोज ३० जणांना समजावत बसायला अख्खा दिवस.

एक दिवस मोडला तर दुसऱ्या दिवशी भरून काढायचं नाही. सहा किलोची छत आहे म्हणजे आहे, बुधवारी बारा किलो होत नसतात.

सुट्टी घ्यायची का? एकटीच असल्यावर कशी?

आठवड्यातून एक दिवस कुरिअर बंद असतो तोच घ्या. अवे मेसेज दिवसभर लावा. झालं.

घरचे म्हणतात सारखी फोनवरच असतेस. त्यांना कसं सांगू?

सांगू नका, वेळा फ्रिजवर चिकटवा. माझ्या सासूबाई आता ११ ला फोन हातात दिसला की म्हणतात, "अगं, दुकान बंद आहे ना?" याच्यापेक्षा कडक अ‍ॅप टायमर कुठल्या फोनमध्ये नाही.

फरक पडतोय हे कळणार कसं, आणि किती दिवसांत?

अनलॉकचा आकडा पहिल्या आठवड्यातच खाली येतो, त्याचं फार कौतुक नको. त्या टॉवेलवाल्या ताईचा १४२ वरून ६० च्या आसपास आला पण पहिले आठ-दहा दिवस ती जास्त चिडचिडी होती, हात सारखा फोनकडे जायचा आणि काही चुकतंय असं वाटायचं. हे होतं, त्याला घाबरून सोडू नका. खरं बघायचं ते वहीतला चौथा आकडा. काम थांबायची वेळ तीन-चार आठवड्यांत स्थिर झाली, आणि नवीन ऑर्डर वाजल्यावर पोटात गोळा येणं कमी झालं, तर जमलं.

आणि अनलॉक कमी होऊन तास तेवढेच राहिले तर? मग रात्रीचं बघा. बऱ्याच जणी दिवसभर शिस्तीत असतात आणि १० ते १२ एकदम वसूल करतात. तिथे फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावणं हाच उपाय, उशाशी नाही.

हे सगळं करूनही झोप येत नाही, काहीच नको वाटतं. मग?

मग तो टाइमटेबलचा प्रश्न राहिला नाही. दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक बिघडलेली असेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि "थकवा" म्हणून गुळमुळीत सांगू नका, हेच शब्द सांगा. सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. जगणंच नको वाटायला लागलं असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

कर्जाचा हप्ता थकलाय, माल पडून आहे, म्हणून झोप उडाली असेल तर फोन बाजूला ठेवून हप्ता फिटत नाही, त्यासाठी बँकेत जाऊन बोलावंच लागतं.

धंद्यासाठी दुसरा फोन घेऊ का?

परवडत असेल तर घ्या, जुना साधा अँड्रॉइड चालेल, त्यात फक्त व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, पेमेंटचं अ‍ॅप आणि कुरिअरचं अ‍ॅप. इन्स्टाग्राम त्यात टाकायचं नाही. सात वाजले की तो कपाटात. पण घ्यायच्या आधी वहीत तीन दिवस काड्या मारून बघा, नाहीतर काय होतं, दोन फोन होतात आणि दोन्हीवर रीलच चालू असतात.